सरासरी आणि मध्यक : उत्पन्नाची बातमी लिहिताना कोणता आकडा घ्यावा?



आपल्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी नववीतील चार मुलांनी एक बातमी तयार केली होती. आपल्या परिसरातील अकरा घरांत जाऊन त्यांनी प्रत्येक घरातून नाव नसलेली एक चिठ्ठी घेतली होती. चिठ्ठीवर त्या घराचे महिन्याचे एकूण उत्पन्न लिहिलेले होते. चिठ्ठ्यांवरून त्यांनी मथळा केला : ‘आपल्या परिसरातील सामान्य कुटुंब महिन्याला ४० हजार रुपये मिळवते.’ मी अनेक वर्षे वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून काम केले आहे, म्हणून बाईंनी कागद माझ्याकडे तपासायला पाठवला. बेरीज बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. तरी बातमी चुकीची होती.

त्याच आठवड्यात सहलीच्या वर्गणीची चर्चा चालू होती. वर्गणी चार हजार रुपये ठरायची होती. मुलांचा कागद पाहून एक विश्वस्त म्हणाले, “घरटी चाळीस हजार मिळत असतील तर चार हजार म्हणजे दहावा हिस्सा. एवढे जड जाणार नाही.” आणि तोच कागद वाचून एका विद्यार्थिनीची आई तिला म्हणाली, “म्हणजे आपण सगळ्यांत मागे आहोत की काय?” प्रत्यक्षात ते घर मागे नव्हते, अगदी मधोमध होते. एका आकड्याने दोन माणसांची दोन तऱ्हेची फसगत केली. ती कशी झाली, तेच या लेखात पाहू.

अकरा चिठ्ठ्या

चिठ्ठ्या लहानापासून मोठ्यापर्यंत मांडल्या तर हजार रुपयांत त्या अशा होत्या :

१२, १४, १५, १८, २०, २२, २४, २८, ३२, ४५, २१०

बेरीज ४४० हजार. तिला ११ ने भागले की ४० हजार येतात. ही सरासरी. आता वहीत ४० या आकड्यावर बोट ठेवा आणि किती घरे त्याच्या खाली आहेत ते मोजा. अकरापैकी नऊ! एक घर थोडेसे वर आणि एक खूपच वर. ज्या आकड्याच्या खाली अकरापैकी नऊ घरे राहतात, त्याला ‘सामान्य कुटुंबाचे उत्पन्न’ कसे म्हणायचे?

आता दुसरा मार्ग. बेरीज नको, भागाकार नको. ओळीत उभ्या केलेल्या अकरा चिठ्ठ्यांतील बरोबर मधली, म्हणजे सहावी चिठ्ठी उचला. ती २२ हजारांची आहे. तिच्या खाली पाच घरे, वर पाच घरे. या आकड्याला मध्यक म्हणतात. इंग्रजी वर्तमानपत्रात तुम्ही त्याला ‘मीडियन’ या नावाने भेटला असाल. चिठ्ठ्यांची संख्या सम असेल, समजा बारा, तर मधल्या दोन चिठ्ठ्या घेऊन त्यांची सरासरी काढायची, एवढेच.

येथे वडोदऱ्यातील मुलांना एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. मराठी गणिताच्या पुस्तकात ‘मध्यक’ म्हणजे ही मधली चिठ्ठी. गुजराती माध्यमाच्या पुस्तकात मात्र ‘मध्यक’ म्हणजे सरासरी, आणि मधल्या चिठ्ठीला ‘मध्यस्थ’ म्हणतात. शब्द तोच, अर्थ वेगळा! घरी आजोबा मराठी पुस्तकावरून शिकवत असतील आणि शाळेत बाई गुजराती पुस्तकावरून, तर उत्तर बरोबर असूनही भांडण होऊ शकते. या लेखात मी ‘मध्यक’ हा शब्द मराठी अर्थानेच वापरला आहे.

फरक का पडतो?

सरासरी काढताना आपण सगळ्यांचे पैसे एका राशीत ओततो आणि समान वाटून पाहतो. कोणाकडून किती आले, हे त्या राशीत विरघळून जाते. २१० हजारांच्या एका घराने एकट्याने जवळजवळ अर्धी रास भरली आहे. वाटणी मात्र कागदावरच झाली, कोणाच्या घरी काही गेले नाही.

मध्यक काढताना पैसे मोजत नाहीत, घरे मोजतात. शेवटचे घर २१० हजारांचे असो की ६० हजारांचे, ते ओळीत शेवटचेच राहणार. म्हणून मधल्या चिठ्ठीला त्याने काही होत नाही.

उत्पन्नाच्या बाबतीत हा फरक बहुतेक वेळा एकाच दिशेने पडतो, सरासरी मध्यकाच्या वर जाते. याचे कारण साधे आहे. खाली उतरायला मर्यादा असते, वर चढायला नसते. मजुरीचे उत्पन्न शून्याच्या खाली सहसा जात नाही, पण कारखान्याचा नफा दहापट, शंभरपट होऊ शकतो. वर्गातील मुलांची उंची मोजली तर असे होत नाही. तेथे सर्वांत उंच मुलगा सर्वांत ठेंगण्याच्या दहापट नसतो, म्हणून सरासरी आणि मध्यक जवळजवळ येतात. दोन आकड्यांत मोठे अंतर दिसले, की वरच्या टोकाला पैसा साचला आहे हे ओळखावे.

आता या चिठ्ठ्यांवर तीन लहान प्रयोग करू.

पहिला प्रयोग. वरच्या घराचे उत्पन्न २१० वरून २६५ हजार झाले, बाकी कोणाला एक रुपयाही वाढला नाही. बेरीज ४९५, सरासरी ४५ हजार. ‘परिसराचे सरासरी उत्पन्न एका वर्षात साडेबारा टक्क्यांनी वाढले’ अशी बातमी छापता येईल आणि तिच्यात एकही अक्षर खोटे नसेल. मध्यक मात्र २२ हजारांवर जागच्या जागी. दहा घरांची हकीकत तोच सांगतो.

दुसरा प्रयोग. वरच्या घराने चिठ्ठीच दिली नाही. पाहणी करणाऱ्यांचा अनुभव असा, की श्रीमंत घरांतून माहिती मिळवणे कठीण जाते. आता दहा चिठ्ठ्या उरल्या. सरासरी ४० वरून एकदम २३ हजारांवर कोसळली. मध्यक २२ वरून २१ झाला. एक दार बंद राहिले म्हणून सरासरी जवळजवळ निम्मी होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दोन वर्षांच्या दोन पाहण्यांत सरासरी एकदम चढली किंवा उतरली, तर उत्पन्न बदलले की फक्त चिठ्ठी देणारी घरे बदलली, हे आधी विचारायला हवे.

तिसरा प्रयोग मध्यकाची बाजू घेणाऱ्यांसाठी. खालच्या तीन घरांतील काम सुटले. १२ चे ६ झाले, १४ चे ७ आणि १५ चे ८. तीन घरांवर आभाळ कोसळले. मध्यक किती? २२ हजार! त्याला काही कळलेच नाही, कारण मधली चिठ्ठी हलली नाही. सरासरीही केवळ दोन हजारांच्या आतच उतरली. म्हणजे सर्वांत गरीब घरांचे काय झाले, हे या दोहोंपैकी कोणीच नीट सांगत नाही. त्यासाठी खालच्या घरांचा आकडा वेगळा द्यावा लागतो, उदाहरणार्थ ‘खालच्या तीन घरांचे उत्पन्न जवळजवळ निम्मे झाले.’

मग सरासरी टाकाऊ आहे काय?

मुळीच नाही. प्रश्न एकूण रकमेचा असेल तेथे सरासरीच हवी. समजा या अकरा घरांनी उत्पन्नाचा एक टक्का वाचनालयाला द्यायचे ठरवले. सरासरी ४० हजार गुणिले ११, म्हणजे ४४० हजार, त्याचा एक टक्का ४,४०० रुपये. हिशेब अचूक जुळतो. मध्यकावरून केला तर २,४२० रुपये येतात आणि अंदाजपत्रक कोलमडते. सरासरीला संख्येने गुणले की मूळ बेरीज परत मिळते, मध्यकाला गुणून काहीच मिळत नाही. तसेच ‘अ’ तुकडीची आणि ‘ब’ तुकडीची सरासरी ठाऊक असेल, आणि मुलांची संख्या ठाऊक असेल, तर दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी काढता येते. दोन मध्यकांवरून मात्र एकत्र मध्यक काढता येत नाही. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा एका ओळीत लावाव्या लागतात.

सरासरी योग्य ठिकाणी वापरल्याचे मोठे उदाहरण आपल्या वडोदऱ्याशी संबंध असलेल्या माणसाचे आहे. दादाभाई नवरोजी १८७४ साली बडोदे संस्थानचे दिवाण होते. भारतातील माणशी उत्पन्न किती, याचा पहिला गाजलेला हिशेब त्यांचाच. ब्रिटिश हिंदुस्थानातील पिके, मीठ, खाणी, कारागिरी असे एकूण उत्पादन धरून त्याला लोकसंख्येने भागले, तेव्हा १८६७-६८ सालासाठी वर्षाला माणशी सुमारे २० रुपये आले. ‘सामान्य माणूस २० रुपये मिळवतो’ हे दाखवण्यासाठी हा आकडा नव्हता. सगळे समान वाटले तरी पुरेल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी तो आकडा तुरुंगातील कैद्यांना मिळणाऱ्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिला आणि समान वाटूनही तेवढे पुरत नाही असे दाखवले. समान वाटणीतच पुरत नसेल, तर वरचे लोक अधिक घेतल्यावर खालच्यांना काय उरणार? असा प्रश्न विचारायचा असेल तर सरासरीच लागते. येथे मध्यकाने काम झाले नसते.

एक प्रत्यक्ष बातमी

आता अलीकडचे उदाहरण. मार्च २०२३ मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली, की भारताचे दरडोई उत्पन्न २०१४-१५ पासून दुप्पट होऊन २०२२-२३ मध्ये १,७२,००० रुपये झाले. २०१४-१५ चा आकडा ८६,६४७ रुपये होता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या त्या वेळच्या अंदाजातील हे आकडे होते आणि ते बरोबर उतरवलेले होते. अडचण होती ती काही ठिकाणच्या मथळ्यांची. ‘प्रत्येक भारतीयाचे उत्पन्न दुप्पट’ असा अर्थ वाचकांच्या मनात उतरला. आपण ही बातमी उपसंपादकाच्या लाल पेन्सिलीने तपासू.

पहिला प्रश्न : भागाकार कशाला कशाने केला? देशाचे निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न भागिले देशाची सर्व लोकसंख्या. लोकसंख्येत पाळण्यातील मूल आणि अंथरुणावरील आजीही आली. म्हणून १,७२,००० ला बाराने भागून ‘भारतीयाचा महिन्याचा पगार १४,३३३ रुपये’ असे लिहिणे चूक. हा कोणाचाच पगार नाही. उलट याच आकड्याला चारने गुणले तर चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ६,८८,००० रुपये होतात, महिन्याला ५७ हजारांच्या वर. आपल्या ओळखीतील चौघांची किती कुटुंबे एवढे मिळवतात, हे प्रत्येकाने मनाशी मोजावे. शिवाय राष्ट्रीय उत्पन्नात कंपन्यांनी न वाटता स्वतःकडे ठेवलेला नफाही असतो. तो कोणाच्याही घरी आलेला नसतो.

दुसरा प्रश्न : कोणत्या किमतींना? वरचे आकडे चालू किमतींचे आहेत. म्हणजे त्यांत महागाईही मिसळलेली आहे. महागाई वगळून, म्हणजे २०११-१२ च्या स्थिर किमतींना, तेच दरडोई उत्पन्न ७२,८०५ वरून ९८,११८ रुपये झाले. ही वाढ सुमारे ३५ टक्के. आठ वर्षांत ३५ टक्के ही वाढ खरी आहे, पण ती दुप्पट नव्हे. चालू किमतींचा आकडा मथळ्यात आणि स्थिर किमतींचा आकडा शेवटच्या परिच्छेदात गेला, की वाचक मथळाच लक्षात ठेवतो.

तिसरा प्रश्न, आपल्या विषयाचा : मध्यक कोठे आहे? उत्तर असे, की या आकड्याला मध्यक असूच शकत नाही. हा आकडा घराघरांतून चिठ्ठ्या गोळा करून आलेला नाही. कारखाने, शेती, सेवा यांच्या एकूण हिशेबातून तो आला आहे. चिठ्ठ्याच नसतील तर मधली चिठ्ठी कोठून उचलणार? मध्यकासाठी घरोघरच्या उत्पन्नाची पाहणी लागते. आपल्याकडे सरकारी नमुना पाहण्यांचा भर अनेक दशके घरांच्या खर्चावर राहिला, कारण लोक उत्पन्नापेक्षा खर्च अधिक मोकळेपणाने सांगतात आणि शेतकऱ्याला वा दुकानदाराला आपले निव्वळ उत्पन्न स्वतःलाही नेमके ठाऊक नसते. देशभरच्या घरगुती उत्पन्नाची स्वतंत्र पाहणी २०२६ मध्ये करण्याची घोषणा केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये केली.

घरोघरची पाहणी नियमाने होते तेथे काय दिसते, यासाठी अमेरिकेचे उदाहरण घेऊ. आपल्यापैकी अनेकांची मुले, नातवंडे तिकडे आहेत. तेथील जनगणना कार्यालय दरवर्षी कुटुंबांच्या उत्पन्नाचा अहवाल काढते आणि त्यात पुढे ठेवते तो मध्यक. २०१९ सालासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाचा मध्यक ६८,७०३ डॉलर होता, तर सरासरी ९८,०८८ डॉलर. अंतर २९ हजार डॉलरहून अधिक! ‘अमेरिकन कुटुंब वर्षाला ९८ हजार डॉलर मिळवते’ असे एखाद्याने लिहिले, तर त्याने खोटा आकडा दिला असे म्हणता येणार नाही. पण निम्मी कुटुंबे ६९ हजारांच्याही खाली होती, हे त्या वाक्यातून कोणाला कळणार नाही.

बातमी लिहिताना

यावरून आपल्या भित्तिपत्रकापुरता नियम असा करता येईल. वाक्याचा कर्ता ‘सामान्य कुटुंब’, ‘मध्यम घर’, ‘बहुतेक लोक’ असा असेल तर आकडा मध्यकाचा हवा. वाक्य एकूण रकमेचे, कराचे, वर्गणीचे किंवा देशाच्या एकंदर उत्पादनाचे असेल तर सरासरी हवी. दोन्ही आकडे हाती असतील आणि त्यांत बरेच अंतर असेल तर दोन्ही द्यावेत, कारण ते अंतर हीच एक बातमी असते. आणि नुसती सरासरीच मिळाली असेल, तर तिला माणसाचा मुखवटा चढवू नये. ‘प्रत्येक भारतीय मिळवतो’ असे न लिहिता ‘देशाचे उत्पन्न लोकसंख्येने भागले तर माणशी एवढे येते’ असे लिहावे. वाक्य चार शब्दांनी लांबते, पण खरे राहते.

आकड्याबरोबर तीन गोष्टी वाचकाला कळल्या पाहिजेत : तो आकडा माणशी आहे, कमावत्या माणसाचा आहे की कुटुंबाचा, कोणत्या वर्षाचा आहे, आणि महागाई वगळली आहे की नाही. एका वर्षीचा मध्यक आणि दुसऱ्या वर्षीची सरासरी यांची तुलना तर कधीच करू नये. आपल्या चिठ्ठ्यांत तसे केले असते तर कोणाचेही उत्पन्न न वाढता ते २२ वरून ४० हजार झालेले दिसले असते.

मुलांनी बातमी पुन्हा लिहिली. नवा मथळा असा झाला : ‘अकरापैकी निम्म्या घरांत महिन्याला २२ हजार किंवा त्याहून कमी.’ मी ‘निम्म्या’ खोडून ‘सहा’ केले, कारण मधले घर धरून अकरापैकी सहा घरे २२ हजारांपर्यंत येतात. खाली एक ओळ आली : ‘एका घराचे उत्पन्न इतरांहून बरेच जास्त असल्याने सरासरी ४० हजार येते.’ आणि त्याखाली : ‘ही फक्त अकरा घरांची माहिती आहे, संपूर्ण परिसराची नाही.’ ही शेवटची ओळ मुलांनी आपणहून घातली होती. मला ती सर्वांत आवडली.

सहलीचा हिशेबही पुन्हा झाला. चार हजार रुपये सरासरी उत्पन्नाचा दहावा हिस्सा खरा, पण मधल्या घराच्या महिन्याच्या उत्पन्नाचा तो जवळजवळ पाचवा हिस्सा होतो, आणि १२ हजारांच्या घराचा तर तिसरा. मध्यकानेही या शेवटच्या घराची अडचण दाखवली नसती. ती दिसली, कारण चिठ्ठ्या ओळीने मांडून फळ्यावर लिहिल्या होत्या. विश्वस्तांनी वर्गणी चार हप्त्यांत घेण्याचे आणि ज्यांना गरज आहे त्यांनी फक्त वर्गशिक्षिकेला सांगण्याचे ठरवले. त्या मुलीच्या आईलाही नवा कागद वाचून दाखवला. “म्हणजे आपण मधोमध आहोत,” ती म्हणाली, आणि पहिला हप्ता किती, ते विचारून घेतले.